झेंडू शाबूत, कडुनिंब तपकिरी

स्मरणिकेचं काम निघालं की गावातल्या फोटो स्टुडिओत हमखास एक पत्र येतं. लिहिणारे गृहस्थ निवृत्त असतात, अक्षर वळणदार असतं, आणि मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो:

‘मा. व्यवस्थापक महोदय यांस, स. न. वि. वि. मी पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो असून आमच्या निवृत्त कर्मचारी मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त स्मरणिका प्रसिद्ध होत आहे. सन १९८३ मध्ये आमच्या उपविभागाचे उपअभियंता साहेब बदलून गेले, त्या वेळी निरोप समारंभात काढलेला ग्रुप फोटो सदर स्मरणिकेत छापावयाचा आहे. फोटो रंगीत असून फार फिका व लालसर पडला आहे. त्यातील बरीच मंडळी आज हयात नाहीत. तरी सदर फोटो उजळ करून, चेहरे स्पष्ट दिसतील असा करून मिळावा, ही विनंती. फोटोचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविला आहे. स्मरणिका छापखान्यात जाण्यास पंधरा दिवस अवकाश आहे. खर्च कळवावा. कळावे, लोभ असावा.’

पत्र नमुन्यादाखल आहे, पण त्यातला एकही शब्द अनोळखी नाही. वर्ष आहे, प्रसंग आहे, मुदत आहे, खर्चाची चौकशी आहे. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाचा मसुदा असतो तसा तो नेटका आहे. अडचण एकाच ठिकाणी आहे. त्यांनी जे मागितलंय ते स्टुडिओने शब्दशः केलं, तर फोटो आहे त्याहून वाईट होईल.

फिका फोटो उजळ करायचा म्हणजे नेमकं काय होतं ते आकड्यांत पाहू. स्कॅन केलेल्या फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. शून्य म्हणजे गडद काळं, २५५ म्हणजे लख्ख. धडधाकट फोटोत हे आकडे जवळजवळ शून्यापासून २५५ पर्यंत पसरलेले असतात. चाळीस वर्षांच्या फिक्या फोटोत मात्र ते मधल्यामध्ये गोळा होतात. समजा, या ग्रुप फोटोत लाल रंगाचा सगळ्यात गडद आकडा ११८ आहे आणि सगळ्यात उजळ २३६. म्हणजे साहेबांचे काळे बूटसुद्धा लालच्या मापात ११८ च्या खाली जात नाहीत. आता संगणकावर उजळपणाची पट्टी ओढली आणि प्रत्येक आकड्यात ४० मिळवले. बूट १५८ झाले, म्हणजे आणखी पांढुरके. आणि जिथे २३६ होते तिथे २७६ व्हायला हवेत; पण मोजपट्टी २५५ ला संपते, म्हणून २१५ च्या वरचं जे काही होतं ते सगळं २५५ वर जाऊन चिकटलं. पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या, धोतराचे काठ, टोपीची कड यांत जे काही थोडं शिल्लक होतं, तेही गेलं.

फिक्या फोटोत उजेड कमी पडलेला नसतो, काळोख कमी पडलेला असतो. बूट पुन्हा काळे झाले की शेजारचं धोतर आपोआप पांढरं दिसायला लागतं. दोन टोकं त्यांच्या जागी नेऊन बसवणं हेच खरं काम. तिन्ही रंगांची टोकं वेगवेगळी सरकलेली असतात, म्हणून ते काम तिन्ही रंगांत वेगवेगळं करावं लागतं.

ती वेगवेगळी का सरकतात, हे कळलं की निम्मं निदान फोटो हातात घेतानाच होतं.

त्या काळच्या रंगीत फोटोच्या कागदावर जिलेटिनचे तीन थर असायचे आणि धुलाईनंतर त्यांत तीन रंग तयार व्हायचे: सायन, म्हणजे हिरवट झाक असलेला निळा, मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी, आणि पिवळा. उरलेले सगळे रंग या तिघांच्या मिसळीतून. पानांचा हिरवा म्हणजे सायन अधिक पिवळा. निळा म्हणजे सायन अधिक मॅजेंटा. केशरी म्हणजे पिवळ्यात थोडा मॅजेंटा, सायन जवळजवळ नाहीच.

सत्तरच्या दशकातल्या आणि ऐंशीच्या सुरुवातीच्या कागदांतला सायन हा तिघांत सगळ्यात कच्चा होता. त्याला खराब व्हायला ऊनही लागत नसे. अंधाऱ्या ट्रंकेत, कोणी हात न लावता, नुसत्या उष्णतेने आणि दमटपणाने तो विरत जायचा. ढोबळमानाने तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की ही झीज दुप्पट वेगाने होते, म्हणून पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावरचा फोटो आणि खालच्या खोलीतल्या कपाटातला फोटो एकाच दिवशी धुतलेले असूनही वेगळे दिसतात. १९८४ च्या सुमारास कोनिका आणि कोडॅक या कंपन्यांनी सुधारलेले कागद आणले आणि सायन बराच टिकाऊ झाला. आपला फोटो १९८३ चा. नशीब म्हणतात ते हेच.

आता फोटो हातात घ्या. साहेबांच्या गळ्यातला झेंडूचा हार अजून बराचसा झेंडूच्या रंगाचा आहे, कारण त्याला सायनची गरजच नव्हती. मागचा कडुनिंब मात्र तपकिरी-पिवळा झालाय. कार्यालयाची निळी पाटी गुलाबी दिसते. काळी छत्री विटकरी आहे. झेंडू शाबूत, कडुनिंब तपकिरी आणि पाटी गुलाबी, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की सायन गेला हे नक्की. फोटो अंधारात होता, पण गरम जागी होता.

भिंतीवर, उजेडात टांगलेल्या फोटोची तऱ्हा वेगळी. तिथे बहुधा मॅजेंटा आधी जातो आणि फोटो हिरवट-निळसर पडत जातो. सलूनच्या काचेवरच्या केशरचनांच्या पोस्टरमधली माणसं निळी झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ते पोस्टर फोटो नसतं, छापील असतं. पण उन्हाने लालपिवळी शाई उडते आणि निळी मागे राहते, हा प्रकार त्याच जातीचा.

म्हणून स्टुडिओतला मुलगा पत्र वाचून फोन करतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, ‘काका, फोटो कुठे ठेवला होता?’ काकांना वाटतं, हा गप्पा मारतोय. ‘ट्रंकेत होता बाबा, माळ्यावर. मंडळाची मीटिंग ठरली तेव्हा काढला.’ एवढ्या एका उत्तराने पुढच्या कामाची दिशा ठरते.

दुसरा प्रश्न निगेटिव्हचा. निगेटिव्ह मिळाली तर सगळी कटकट वाचते. तिचेही रंग उतरतात, पण तिच्यात मूळ प्रकाशाची नोंद प्रिंटपेक्षा कितीतरी भरघोस असते. ज्याने फोटो काढला त्या फोटोग्राफरच्या घरी, मुलांकडे, एकदा विचारून पाहावं. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘पावसात भिजल्या, टाकून दिल्या’ असं येतं. दुसरा मार्ग जास्त फळतो. ग्रुप फोटोच्या दहा-पंधरा प्रती निघालेल्या असतात, त्यांतली एखादी दुसऱ्या कोणाच्या घरी थंड जागी पडलेली असते. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ज्यांच्याकडे हा फोटो आहे त्यांनी कळवावे’ एवढा निरोप टाकला की दोन दिवसांत काम होतं. दोन प्रती मिळाल्या, एकीवर डाग इथे आणि दुसरीवर तिथे असला, तर एकीचा तुकडा दुसरीला जोडता येतो. तो जोड खरा असतो, रंगवलेला नसतो.

आता पत्रातल्या त्या निरुपद्रवी वाक्याकडे येऊ: ‘फोटोचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविला आहे.’

फोटो दहा इंच रुंद आणि आठ इंच उंच आहे असं धरू. पुढे खुर्च्यांवर नऊ जण, मागे अकरा उभे, त्यांच्या मागे बाकावर आणखी अकरा; एकूण एकतीस. अकरा माणसं नऊ इंचांत बसवली की एकेकाच्या वाट्याला पाऊण-एक इंच येतो आणि त्यात चेहरा असतो सात मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. इंचाला ६०० ठिपके या मापाने स्कॅन केला, तर त्या चेहऱ्याच्या रुंदीत साधारण १६५ ठिपके येतात. डोळ्याच्या बुबुळाला, मिशीच्या टोकाला, चष्म्याच्या काडीला प्रत्येकी काही ठिपके मिळतात. हाच फोटो मोबाईलने टिपून नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो आकसून साधारण सोळाशे ठिपके रुंद होतो. दहा इंचांत सोळाशे, म्हणजे चेहऱ्याला चव्वेचाळीस. त्यावर ट्यूबलाइटची चकाकी आणि मोबाईल जरा तिरका धरल्यामुळे उजवीकडच्या माणसांची डोकी मोठी, डावीकडची लहान. या चव्वेचाळीस ठिपक्यांतून ‘चेहरे स्पष्ट’ करा म्हणणं म्हणजे स्टुडिओला चित्र काढायला सांगणं.

तेव्हा मूळ फोटोच न्यावा. रिक्षाचं भाडं पडेल, पण दुसरा उपाय नाही. दूरगावी असाल तर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवावा, गुंडाळून नव्हे. जुन्या कागदावरचा जिलेटिनचा थर गुंडाळताना तडकतो. फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नये, काचेसकट द्यावा. काचेतून स्कॅन करता येतं, ओढताना काचेवर राहिलेला चेहरा परत आणता येत नाही. आणि ओल्या कापसाने पुसू नये. पावसाळ्यातल्या बुरशीने जिथे जिलेटिन पोखरलंय तिथे पाणी लागलं की तो थरच सुटून येतो. घरच्या सफाईत जितके फोटो बिघडलेले पाहिलेत तितके बुरशीने बिघडलेले पाहिले नाहीत, असं म्हणायची पाळी येते.

त्या काळी रेशमी पोताचा, बारीक खाचांचा कागद फार लोकप्रिय होता. हातात छान वाटायचा, बोटांचे ठसे दिसत नसत. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो आणि प्रत्येक खाचेची सावली टिपली जाते. मग सगळ्या चेहऱ्यांवर जाळी दिसते. यावर जुना, साधा उपाय आहे. फोटो एकदा सरळ स्कॅन करायचा, मग काचेवर उलटा फिरवून, डोकं खाली करून पुन्हा. दुसरं स्कॅन संगणकात सरळ करून पहिल्यावर ठेवलं की खाचांच्या सावल्या परस्परांविरुद्ध पडलेल्या असतात. दोन्हींची सरासरी घेतली की जाळी बरीचशी विरते आणि चेहरा राहतो.

एवढं झाल्यावर रंगांचं काम. आपल्या फोटोत लाल ११८ ते २३६ होता. हिरवा ५२ ते २२२ आहे आणि निळा ६० ते १८८. हे आकडे वाचायला सोपे आहेत. लालचं काळं टोक सगळ्यात वर चढलंय, कारण लाल प्रकाश अडवायचं काम सायनचं होतं आणि सायन उडालाय. निळ्याचं उजळ टोक १८८ ला खाली आलंय, कारण कागदाचा पांढरा पिवळट पडलाय आणि पिवळा निळ्याला अडवतो. हिरवा त्यातल्या त्यात शाबूत आहे.

प्रत्येक रंगाची टोकं स्वतंत्रपणे शून्यावर आणि २५५ वर नेली, फोटोशॉपच्या भाषेत लेव्हल्स ताणल्या, की काही सेकंदांत झाडाला हिरवेपणा येतो आणि पाटी निळी होते. पाहणाऱ्याला ही जादू वाटते आणि बरेच स्टुडिओ इथेच थांबतात. थांबू नये. लालमध्ये ११८ पासून २३६ पर्यंत जेमतेम ११९ पायऱ्या होत्या. त्या ताणून २५६ पायऱ्यांच्या जागेत बसवल्या की मध्ये निम्म्याहून अधिक पायऱ्या रिकाम्या राहतात. गालावरची, भिंतीवरची हळूहळू उतरत जाणारी सावली मग पट्ट्यापट्ट्यांची दिसते. म्हणून स्कॅन करतानाच सोळा बिटचं करून घ्यायचं, त्यात मधल्या पायऱ्या भरपूर असतात, आणि जेपीईजीऐवजी टिफ फाइल ठेवायची. शिवाय ताणताना चेहरा जितका ताणला जातो तितकाच त्यावरचा कण, धूळ आणि ओरखडाही. लाल दुपटीहून जास्त ताणला गेलाय, तेव्हा लालमधला खडबडीतपणाही दुप्पट. यावर इलाज म्हणजे हाव आवरणं: बूट कोळशासारखे काळे होईपर्यंत न ताणता, जरा अलीकडे थांबणं.

टोकं जुळली तरी मधला भाग तिरका राहतो. सावल्या लालसर आणि उजेडाची जागा हिरवट, असं हमखास होतं. इथे फोटोत कोणत्या वस्तूला रंग नव्हता हे शोधावं लागतं. चुन्याची भिंत सावलीत करडी असते. कोणाचे केस पिकलेले असतील तर ते सोन्यासारखे, कारण त्यांत लाल, हिरवा, निळा जवळजवळ सारखेच असायला हवेत. मग गाल तपासायचे. छपाईच्या मापात आपल्याकडच्या गालावर पिवळा आणि मॅजेंटा साधारण सारखे, पिवळा किंचित वर, आणि सायन त्यांच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असतो. सायन त्याहून फार कमी पडला तर माणूस तापलेला दिसतो, जास्त झाला तर आजारी.

याच ठिकाणी पत्र लिहिणाऱ्याला असं काही माहीत असतं जे कोणत्याही यंत्राला माहीत नाही. दरवाजाचा रंग कोणता होता? चौकीदारांचा खाकी गणवेश पिवळट होता की हिरवट? टंकलेखक बाईंची साडी? ‘दार सरकारी हिरवं, पाटी निळीवर पांढरी अक्षरं, साहेबांचा टाय मरून, बाईंची साडी अंजिरी’ असल्या चार ओळी पत्राच्या मागे लिहिल्या, तर अर्ध्या दिवसाचे अंदाज वाचतात. ‘रंग आठवत नाही’ हेही लिहावं. निदान स्टुडिओ तिथे मनाचा रंग घालणार नाही.

काही गोष्टी येणार नाहीत, तेही बोललं पाहिजे. भर दुपारी काढलेल्या फोटोत मागच्या ओळीतल्या तीन-चार जणांच्या कपाळावर सरळ ऊन पडलेलं होतं. तिथे मुळातच रंग नावापुरता होता आणि फिकट जागेतला थोडका रंग आधी संपतो. आता त्या जागी कोरा, पिवळट कागद आहे. तिथे ताणायला काही उरलेलं नाही. धोतराच्या चुण्यांचंही तेच. ओरखडा भरणं, बुरशीचा ठिपका शेजारच्या रंगाने झाकणं हे ठीक. पण कपाळ, भुवई, डोळा नव्याने काढला की तो त्या माणसाचा राहत नाही. घरच्यांना ते पटकन कळतं. ‘आमच्या बाबांची भुवई अशी नव्हती’ हे वाक्य छापून झाल्यावर ऐकण्यापेक्षा धूसर चेहरा परवडतो. आणि पत्रात एक ओळ ठळक लिहावी: चेहरे गोरे करू नयेत. लग्नाच्या अल्बमची सवय लागलेला हात कालव्यावर उन्हात राबलेल्या एकतीस माणसांना एका झटक्यात हळद लावून मोकळा होतो.

एवढा खटाटोप करण्याआधी मात्र एक गोष्ट छापखान्याला विचारायला हवी होती, आणि पत्रात तिचा उल्लेखच नाही. स्मरणिकेचं ते पान रंगीत आहे का?

बहुतेक स्मरणिकांचं मुखपृष्ठ आणि जाहिरातींची काही पानं रंगीत असतात, आतला मजकूर एका रंगात, म्हणजे काळ्या शाईत. ग्रुप फोटो आतल्या पानावर जाणार असेल तर सायन परत आणायची, साडीचा रंग ठरवायची गरजच नाही. रंगीत स्कॅनमधला फक्त हिरवा भाग उचलायचा. तो सगळ्यात कमी बिघडलेला आहे, ५२ ते २२२, आणि माणसाच्या चेहऱ्याचा उठाव त्यात चांगला उतरतो. लाल भाग, जिथे सगळी झीज आहे, तो सरळ टाकून द्यायचा. दीडपट ताणला की स्वच्छ कृष्णधवल फोटो तयार, तोही रंगीत दुरुस्तीपेक्षा स्पष्ट. कित्येकदा रंगीत पान असूनही मी हाच सल्ला देईन. अर्धवट सुधारलेल्या रंगापेक्षा खणखणीत काळापांढरा केव्हाही बरा.

मूळ फोटोच कृष्णधवल असेल तर प्रकरण निराळं. त्यात रंग नसून चांदी असते. धुताना हायपो नीट निघाला नाही तर वर्षांनंतर ती पिवळट-तपकिरी पडते, आणि कडेला आरशासारखी चमक येते. पण उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ मालावर उतरलेले आणि नीट धुतलेले जुने फोटो आजही त्याच काळातल्या रंगीत फोटोंपेक्षा ठणठणीत सापडतात.

छापखान्याला विचारायचा दुसरा प्रश्न मापाचा, आणि ‘चेहरे स्पष्ट’ याचं खरं उत्तर तिथेच आहे. डेमी आकाराचं पान साडेपाच इंच रुंद. समास सोडून फोटोला मिळतात साडेचार. दहा इंचांचा फोटो साडेचारवर आला की सात मिलिमीटरचा चेहरा तीन मिलिमीटरचा होतो. छपाई बारीक ठिपक्यांच्या जाळीने होते. साध्या मॅपलिथो कागदावर इंचाला साधारण १३३ ओळी, गुळगुळीत आर्ट पेपरवर १५० किंवा त्याहून जास्त. १३३ च्या जाळीत त्या चेहऱ्याला आडवे सोळा ठिपके मिळतात. सोळा ठिपक्यांत नाक-डोळे कळतील, माणूस ओळखू येईलच असं नाही. स्टुडिओने कितीही जीव ओतला तरी तो इथे सांडतो. फोटोची वरखालची रिकामी जागा कापून तो पानावर आडवा फिरवून सात इंच केला आणि ते एक पान आर्ट पेपरवर घेतलं, तर त्याच चेहऱ्याला एकोणतीस ठिपके मिळतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरण्याचा मोह होतो, तो टाळावा. मधली माणसं शिवणीत जातात, आणि मध्ये कोण बसलेलं असतं? ज्यांना निरोप द्यायचा ते साहेब.

आणि आता, अगदी शेवटी, उजळपणाची पाळी येते. शाईचा ठिपका कागदावर पसरतो. मॅपलिथोवर तो जास्त पसरतो. फाइलमध्ये पन्नास टक्के असलेला करडा छापून सत्तर टक्क्यांच्याही पुढे जातो. आपल्या लोकांचे चेहरे नेमके याच मधल्या करड्यात असतात. स्टुडिओच्या पडद्यावर लख्ख दिसलेला फोटो स्मरणिकेत काळवंडून येतो तो यामुळे. म्हणून टोकं न हलवता, बूट काळे आणि धोतर पांढरं तसंच ठेवून, फक्त मधला भाग वर उचलायचा, पडद्यावर जरा जास्तच गोरा वाटेल इतका. किती उचलायचा हे कागदावर अवलंबून असतं. त्यामुळे स्टुडिओला पत्रात कागदाचं नाव कळवावं आणि छापखान्याकडून त्याच कागदावर एक नमुना काढून घ्यावा. डिजिटल मशिनवर चकचकीत कागदावर काढलेला नमुना पाहून ‘मस्त’ म्हणण्यात अर्थ नाही. ऑफसेटवर मॅपलिथोचं पान तसं येणार नाही.

नमुना हातात आला की चेहऱ्यांसोबत नावंही तपासायची असतात. ‘खुर्चीवर बसलेले (डावीकडून)’ आणि ‘मागील ओळीत उभे’ या ओळी एकतीस नावांच्या असतात आणि एक नाव सुटलं की पुढची सगळी एकेक घर सरकतात. फोटोवर पारदर्शक कागद ठेवून डोक्यांचे गोल काढावेत, त्यांत आकडे घालावेत आणि नावं आकड्यांपुढे लिहून स्टुडिओ आणि छापखाना दोघांनाही द्यावीत. जे ओळखू येत नाहीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवून तो कागद मंडळाच्या बैठकीत फिरवला, तर दोन-चार प्रश्नचिन्हं तिथल्या तिथे सुटतात.

या वेळी आणखी एक चूक सापडते, ती फोटो उलटा होण्याची. साहेबांचा चेहरा पानाच्या आत वळलेला दिसावा म्हणून मांडणी करणारा कधी सहज फोटो आरशासारखा पालटतो. निगेटिव्हवरून नवा प्रिंट काढताना ती उलट्या बाजूने लागली तरी तेच होतं. पाटी दिसत असेल तर अक्षरं लगेच चुगली करतात. पाटी कापली गेली असेल तर सदऱ्यांचे खिसे बघावेत. पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो आणि बाईंचा पदर डाव्या खांद्यावर. नमुन्यात सगळे खिसे बघणाऱ्याच्या डावीकडे दिसले, तर फोटो पालटलेला आहे आणि प्रत्येक ओळीतला मधला माणूस सोडला तर खालची बाकी सगळी नावं चुकीच्या माणसांना लागणार आहेत. पान यंत्रावर चढण्याआधी तो सरळ करून घ्यावा.